दोन रेघांमागे बाळ नव्हतं

"तुम्ही घरी जायला मोकळ्या आहात, माझ्यापासून मोकळ्या नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दर आठवड्याला तपासायला रक्त द्यायचं. आकडा अगदी तळाला गेला तरी मी पुरे म्हणेपर्यंत द्यायचं. आणि तोवर दिवस राहू द्यायचे नाहीत. अंदाजपंचे नाही, पक्की काळजी घ्यायची."

मी मान हलवली. शेवटच्या बाकावरची मुलं तास संपत आला की जशी हलवतात तशी. माझं सगळं लक्ष चपलांकडे होतं. कधी एकदा त्या पायात सरकवते आणि त्या खोलीतून बाहेर पडते, असं झालं होतं.

त्या खोलीची मला लाज वाटत होती. खरं तर माझ्या पोटाचीच.

टिंगूच्या वेळी सगळं कसं पुस्तकात लिहिल्यासारखं झालं होतं. टिंगू म्हणजे माझी लेक, आता बालवाडीत जाते. दुसऱ्या वेळी मात्र उलट्यांनी मला आडवं केलं. पाणीसुद्धा ठरेना. पोट महिन्यांच्या मानाने मोठं दिसायला लागलं, तेव्हा सासूबाई खूश. "जुळी आहेत बघ. पाळणे दोन, आणि राबायला मी एकटी!" मग तपकिरी डाग दिसायला लागले, म्हणून सोनोग्राफीला गेलो. पडद्यावर हात नाहीत, पाय नाहीत, धडधडणारा ठिपकाही नाही. नुसते कण. थंडीतल्या दाट धुक्यात गाडीचे दिवे लावल्यावर समोर जे दिसतं, तसं काहीतरी.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. बीजांडात आईकडून यायला हवा तो गुणसूत्रांचा वाटा नव्हताच. बापाकडचा वाटा तेवढा आला आणि त्याचीच दुप्पट झाली. अशा गर्भात बाळ तयार होतच नाही. ज्या पेशींपासून बाळाला पोसणारी वार बनायची, त्या मात्र वेड्यासारख्या वाढत सुटतात आणि पाण्याने भरलेल्या फोडांचे घोस होतात. "मोलर प्रेग्नन्सी. आपल्याकडे द्राक्षगर्भ म्हणतात. गरोदरपणाचा हार्मोन या पेशीच बनवतात, म्हणून शरीराला वाटतं दिवस गेलेत. तुमचं काही चुकलेलं नाही. काही खाल्ल्याने, उचलल्याने होत नाही हे."

मी प्राणिशास्त्र शिकलेली. फलन, पेशीविभाजन, सगळ्याच्या आकृत्या काढून मार्क मिळवलेली. त्यांचं सगळं मला कळलं आणि एक अक्षरही आत गेलं नाही. डोक्यात एकच घोळत होतं, की मी ज्याच्याशी अंघोळ करताना बोलायचे, ते कोणीच नव्हतं.

त्यांनी पोट साफ केलं, काढलेलं तपासायला पाठवलं, तपासणीत तेच निघालं. घरी मी सासूबाईंना सांगितलं, "पडलं." त्यांनी मला जवळ घेतलं, माझ्या केसांतून हात फिरवला. पडलेल्या बाळासाठी माणसं रडतात. फोडांच्या घोसासाठी कोण रडणार? आणि मला रडायचं तर होतंच. म्हणून खोटं बोलले. खरं फक्त नवऱ्याला माहीत होतं.

सुरुवातीला रक्त द्यायला जात होते. हॉस्पिटल लांब, म्हणून डॉक्टरीणबाईंनी घराजवळच्या लॅबमध्ये देऊन रिपोर्ट पाठवायची मुभा दिली होती. त्या हार्मोनचे आकडे छान उतरत होते. ज्या तपासणीने दिवस गेलेत का ते बघतात, तीच ही तपासणी. फरक इतकाच की बाकीच्या बायका आकडा वाढावा म्हणून देवाला हात जोडतात, आणि मी तो शून्याकडे जावा म्हणून.

लॅबमधल्या काचेमागच्या मुलीला हे कुठून माहीत असणार? एका सकाळी बाकड्यावर टिंगूच्या बालवाडीतल्या एका मुलाची आई बसली होती. काचेमागून खणखणीत आवाज आला, "बीटा एचसीजी कोणाचं? ताई, तुमचं ना? पॉझिटिव्ह आहे हं! अभिनंदन!"

बाकड्यावरची बाई हसत उठलीच. "अय्या, हो? लपवताय काय! पेढे कुठायत?"

मी "नाही, तसं नाही," म्हणत रिपोर्ट पिशवीत कोंबला आणि जवळजवळ पळाले. घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचली होती.

"आम्हाला बाहेरून कळायचं होय गं?" सासूबाई दारातच उभ्या. रागावल्याचा आव होता, पण डोळे चमकत होते.

"आई, लॅबवाल्यांची चूक आहे. मी तर साखर तपासायला गेले होते."

त्यांचा चेहरा उतरला. "असू दे," म्हणत त्या आत गेल्या आणि उगाचच भांडी लावत बसल्या. त्या आवाजाने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या आठवड्यात मी गेले नाही. त्याच्या पुढच्याही. आकडा उतरतोच आहे, आपसूक जाईल शून्यावर, पाण्याला उतार दाखवावा लागतो का, असं मीच मला सांगितलं. नवऱ्याने विचारलं तेव्हा म्हटलं, "नॉर्मल आला. झालं एकदाचं." हॉस्पिटलमधून सिस्टरचा फोन यायचा. पहिल्यांदा "गावाला आहे" म्हटलं, दुसऱ्यांदा "पाहुणे आहेत" म्हटलं, मग तो नंबर दिसला की फोन पालथा घालायला लागले. दिवस राहू नयेत म्हणून दिलेल्या गोळ्या टिंगूच्या तापात राहिल्या त्या राहिल्याच.

आणि मी कोण? टिंगूला शिंक आली तरी थर्मामीटर काढणारी. द्राक्षं चार तुकडे केल्याशिवाय तिला न देणारी. माझी मैत्रीण मला 'सीसीटीव्ही' म्हणते. घरातल्या सगळ्यांवर माझा कॅमेरा होता. फक्त तो ज्या भिंतीला टांगलेला असतो, ती भिंत त्याला दिसत नाही.

काही महिन्यांनी पाळीचं वेळापत्रक बिघडलं. मधेच डाग, मग काहीच नाही. सकाळी मळमळायचं. मी किट आणलं. दोन रेघा. दुसरी इतकी ठसठशीत, की जणू कोणी पेनाने ओढली होती.

मला आनंद झाला. हे लिहिताना आजही कानशिलं तापतात, पण खरं तेच. इतका आनंद झाला, की भीती त्याच्यामागे दडून बसली.

नवऱ्याने पट्टी हातात घेतली, उजेडात धरली. "डॉक्टरांनी इतक्यात नको म्हटलं होतं ना?"

"ते तपासण्या चालू असेपर्यंत. माझ्या संपल्यात."

"त्यांना एक फोन करू या?"

"आणि ऐकून घेऊ या? काळजी घ्यायला सांगितली होती, काय केलंत, म्हणून? तू बोलणार असशील तर कर."

त्याने पट्टी खाली ठेवली. काळजी न घेण्यात त्याचाही अर्धा वाटा होता. दोघं लाजलो, दोघांनी फोन केला नाही.

सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी लोकर आणली, पिवळी. "मुलगा असो की मुलगी, पिवळं चालतं. टिंगूच्या वेळी टोपरं मोठं झालं होतं, नाकापर्यंत यायचं. या वेळी डोकं बघूनच विणते." टिंगू त्यांच्या मांडीशी बसून गुंडा सोडत राहिली, आणि माझ्या पोटाला कान लावून म्हणाली, "आजी, आत टीव्ही चालू आहे."

आम्ही सगळे हसलो. मीही. हसता हसता खोकला आला. दोन आठवडे तो येत होता. टिंगूची सर्दी मला लागली, असं मी धरून चालले होते.

या वेळच्या पहिल्या सोनोग्राफीला सासूबाई हट्टाने बरोबर आल्या. डॉक्टरीणबाईंकडे नको म्हणून मी चौकातलं एक साधं सेंटर निवडलं होतं. तिथले डॉक्टर पोटावरून यंत्र पुन्हा पुन्हा फिरवत राहिले. मग पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "पिशवीत गर्भ दिसत नाहीये. याआधी काही झालं होतं का?"

खुर्चीत सासूबाई, मांडीवर माझी पर्स, चेहऱ्यावर इतकी आशा, की बघवेना.

"एकदा पडलं होतं," मी म्हणाले. "साधंच."

"फक्त पडलं होतं? आणखी काही सांगितलं होतं डॉक्टरांनी?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. "फार लवकरही असू शकतं. पण पिशवीच्या भिंतीत एके ठिकाणी रक्तप्रवाह जास्त दिसतोय. तुमच्या डॉक्टरांना लगेच दाखवा, आणि रक्तातला आकडा करून घ्या. यात वेळ घालवू नका."

'द्राक्षगर्भ होता' एवढं एक वाक्य मी बोलले असते, तर त्या माणसाला सगळं कळलं असतं. तो विचारत होता, दोनदा विचारत होता. पण माझ्या सासूने माझ्या केसांतून फिरवलेला तो हात मला परत द्यायचा नव्हता.

बाहेर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "यांच्या मशीनला काही दिसत नाही, आणि घाबरवतात मात्र माणसाला. माझ्या वेळी कुठे होती मशीनं? तुझा नवरा न बघताच झाला ना?"

"म्हणूनच तसा झालाय," मी म्हटलं, आणि त्या रस्त्यात थांबून खो खो हसल्या.

डॉक्टरांना दाखवायचं मी दुसऱ्या दिवसावर ढकललं. मग त्याच्या पुढच्या.

शनिवार होता, भरदुपार. कपडे वाळत घालून आत आले आणि पायांवरून काहीतरी कोमट ओघळलं. बाथरूमपर्यंत जाईस्तोवर फरशीवर थेंब नव्हे, ओहोळ. मी कडी लावली, टाइल्सना पाठ टेकून खाली बसले. थांबेना. दाराबाहेरून टिंगूचा आवाज, "आई, बाळ आलं का? मी बघू?"

कडी काढायला हात वर जाईना. अंगात बळ होतं, पण दार उघडलं की आजवरचं सगळं उघडणार होतं. तेवढ्यात बाहेर टिंगू आजीला हाक मारायला पळाली. ही पोरगी आईशिवाय राहिली, तर कोणामुळे राहिली हे तिला कोणीही सांगणार नाही, कारण ते कोणाला माहीतच नाही. हा विचार डोक्यात आला आणि मी कडी काढली.

"आई," मी सासूबाईंना म्हटलं, "मागच्या वेळी बाळ पडलं नव्हतं. तेव्हा बाळच नव्हतं. या वेळीही नसेल. मला हॉस्पिटलला न्या. पहिल्याच, डॉक्टरीणबाईंच्या."

त्यांना काही कळलं नाही. पण त्यांनी शेजारणीला हाक मारून टिंगूला तिच्याकडे सोपवलं, मला टॉवेलात गुंडाळलं आणि मुलाला फोन केला, "हातातलं काम टाक आणि ये." प्रश्न एकही नाही.

डॉक्टरीणबाईंनी आधी रक्तस्राव आटोक्यात आणला. रक्त घेतलं, पुन्हा सोनोग्राफी केली, छातीचा एक्स-रे काढला. संध्याकाळी त्या माझ्या खाटेशी स्टूल ओढून बसल्या. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला सासूबाई.

"मधले रिपोर्ट कुठे आहेत?"

मी चादरीचा काठ दुमडत राहिले.

"म्हणजे केलेच नाहीत."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. "तू म्हणालीस नॉर्मल आला."

"खोटं बोलले."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत राहिला, पुसत राहिला.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. सगळं पहिल्यापासून सांगितलं, या वेळी सासूबाईंकडे तोंड करून. "पोट साफ केलं तरी त्या पेशी कुठेतरी चिमूटभर राहू शकतात. बहुतेकींच्या आपोआप जिरतात. काहींच्या मात्र पुन्हा वाढायला लागतात, पिशवीच्या भिंतीत शिरतात. डोळ्यांना दिसत नाही, पण रक्तातला आकडा आधी बोलतो. उतरायचा थांबतो, नाहीतर चढतो. म्हणून तो बघत राहायचा."

"पण किटवर दोन रेघा होत्या हो," सासूबाई म्हणाल्या. "मी स्वतः बघितल्या."

"किटला हार्मोन कळतो, बाळ कळत नाही. खरेच दिवस गेले तरी हाच हार्मोन वाढतो, आणि या पेशी वाढल्या तरी हाच. म्हणून तर इतक्यात दिवस नकोत म्हणतो आम्ही. दिवस गेले, की आकडा कशामुळे चढतोय ते सांगायचं कसं?"

"मग आत्ता..."

"आत्ता गर्भ नाही. त्या पेशीच आहेत. आणि एक छोटा डाग फुफ्फुसात दिसतोय. रक्तातून तिथवर जातात त्या."

मला माझा खोकला आठवला. टिंगूच्या माथी मारलेला.

"कॅन्सर?" सासूबाईंनी तो शब्द असा उच्चारला, की भिंतीपलीकडे जाऊ नये.

"त्याच जातीतला. पण या जातीतला सगळ्यात गुणी म्हणा. औषधाचं चटकन ऐकतो. डाग असूनही यांचा धोका खालच्या गटात बसतो. मेथोट्रेक्सेटची इंजेक्शनं देऊ, त्याचा त्रास कमी व्हावा म्हणून सोबत दुसरं औषध. मग मधे विश्रांती, मग पुन्हा. आकडा नॉर्मल झाल्यावरही थोडे दिवस चालू ठेवू. जवळजवळ सगळ्या बऱ्या होतात. पिशवी राहते, पुढे मूलही होऊ शकतं, मात्र मी सांगेन तेव्हाच." मग माझ्याकडे वळल्या. "लवकर आल्या असतात, तर कदाचित फुफ्फुसापर्यंत गेलं नसतं. एवढंच म्हणते. बाकी आता पुढचं."

त्या गेल्या. मग सासूबाई म्हणाल्या, "मी तुला काय म्हटलं असतं गं?"

"काही नाही."

"मग?"

"तुम्ही रडलात ना माझ्याबरोबर. ते खोट्यासाठी रडलात, असं व्हायला नको होतं."

"मी काय त्या बाळाला बघितलं होतं? मी तुझ्यासाठी रडत होते, शहाणे." त्यांनी नाक ओढलं. "शिकलेली सून आणली म्हणून मिरवते मी चारचौघांत. आता काय सांगू, सून पेपर कोरा देऊन आली?" आणि बाटलीतलं पाणी ग्लासात ओतून माझ्या हातात दिलं. अर्धं चादरीवर सांडलं.

माझी इंजेक्शनं सुरू झाली. तोंडात फोड आले, दोन दिवस अन्न गिळेना, थकवा तर असा की केस विंचरायचा कंटाळा. पण आकडा उतरायला लागला. दर आठवड्याला रिपोर्ट आला की आता तो नवरा आधी वाचतो. माझ्यावर त्याचा अजून पुरता विश्वास बसलेला नाही, आणि मी त्याबद्दल काही बोलत नाही.

हे सगळं मी स्वतःपुरतं ठेवलं असतं. लिहायला बसले ते एका मुलीमुळे.

इंजेक्शनच्या खोलीत चार खुर्च्या आहेत. एके दिवशी माझ्या शेजारच्या खुर्चीत एक मुलगी येऊन बसली. बावीस-तेवीसची असेल. हनुवटीवर तीळ, हातात निळी दप्तरासारखी पिशवी, बोटांच्या टोकांना शाईचे डाग, छापखान्यात कामाला असावी. सिस्टरच्या बोलण्यातून कळलं, माझ्यासारखाच द्राक्षगर्भ, आदल्या दिवशीच तिचं पोट साफ केलं होतं. घरी जाण्याआधी सिस्टर तिला दर आठवड्याच्या रक्ततपासणीचं समजावत होती, आणि ती मान हलवत होती. ती मान मी ओळखली. तिची नजर खाली होती, चपलांवर. बरोबरची बाई, सासू की मावशी कोण जाणे, मधेच म्हणाली, "झालं ना साफ? मग आता कशाला खेपा? आणि बाहेर बोलू नको काही. माणसं नाही नाही ते म्हणतात."

माझ्या दंडात तेव्हाच सुई गेली होती. बोलायला तोंड उघडलं, फोडांनी दुखलं, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटली. खेपा टाळू बघणाऱ्या त्या मुलीला काय सांगायचं, की मीही अशीच पळाले होते? सुईच्या जागी बोळा दाबून मान वर केली, तोवर त्या दोघी जिन्यावर होत्या.

पुढच्या आठवड्यात मी तिला शोधलं. दिसली नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात सिस्टरला विचारलं. तिने नाव सांगितलं नाही, सांगणारही नव्हती, पण इतकं म्हणाली, "फोन लागत नाही तिचा. तुमचासुद्धा लागत नव्हता, आठवतंय?"

मला तिचं नाव माहीत नाही. घर माहीत नाही. ती हे वाचेल असं वाटत नाही. मी त्या दिवसांत असलं काही वाचत नव्हते, दिसलं तर पान उलटत होते. म्हणून तुम्हाला सांगतेय, जे वाचताय.

तिच्या छापखान्यात तुम्ही काम करत असाल, तिच्या जिन्यात राहत असाल, तिची नणंद, मैत्रीण, काकू असाल. हनुवटीवर तीळ आहे, बोटांना शाई आहे, आणि अलीकडे तिचं 'पडलं' असं तुम्ही ऐकलंय. तिला अभिनंदन म्हणू नका, पुन्हा कधी असंही विचारू नका. तिच्याजवळ जरा बसा. आसपास कोणी नसताना विचारा, "या आठवड्यात रक्त दिलंस का?" ती "हो" म्हणेल. मीही म्हणाले होते. तेवढ्यावर उठू नका. रिपोर्ट बघायला मागा, आणि नसेल तर तिच्याबरोबर जा. आजच विचारा.